‘घरोघरी मातीच्या चुली’ इंग्रजीत कशा मांडायच्या?

प्रश्न: मी एका मराठी दीर्घकथेचं इंग्रजी भाषांतर करते आहे. त्यात असा संवाद आहे: ‘महिना झाला, पोरगं बापाशी एक शब्द बोललेलं नाही,’ सुमन म्हणाली. ‘अगं, घरोघरी मातीच्या चुली,’ काकू म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. शब्दशः केलं तर वाचकाला काही कळत नाही, इंग्रजी म्हण घातली तर काकू काकू राहत नाहीत, अर्थ फोडून सांगितला तर संवाद मरतो. अशा म्हणींचं आणि वाक्प्रचारांचं करायचं काय?

उत्तर: म्हणीचा अर्थ काय, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तो तुम्हाला ठाऊक आहेच. त्याआधी विचारायचं ते हे, की बोलताना काकूंना चूल दिसते आहे का?

नाही दिसत. काकूंनी ही म्हण आयुष्यात हजारदा वापरली असेल आणि त्यातल्या एकाही वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे माती, सारवण, फुंकणी आलेली नसेल. सुमनलाही ती दिसत नाही. म्हणीतलं चित्र तिथे झोपलेलं आहे. बाहेर येतो तो नुसता दिलासा: तुझ्या एकटीचंच असं नाही, माझ्याकडेही हेच आहे, आता फार मनाला लावून घेऊ नकोस. त्यात थोडं विषय मिटवणंही आहे. काकूंनी हातातलं काम थांबवलेलं नाही, हे लेखकाने उगाच लिहिलेलं नाही.

चित्र झोपलेलं आहे की जागं, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून तुमचं हेच वाक्य घेऊन, माझ्या हातून ते कसकसं बिघडलं असतं ते आधी दाखवते.

पहिला खर्डा शब्दशः असतो: ‘इन एव्हरी हाउस, अर्दन स्टोव्ह्ज.’ तुम्ही म्हणता वाचकाला काही कळत नाही. खरी अडचण याहून वाईट आहे, कारण त्याला काहीतरी कळतं आणि ते चुकीचं असतं. मातीची चूल म्हटल्यावर इंग्रजी वाचकाला गरिबी दिसते. त्याला वाटतं, या वस्तीत सगळेच गरीब, पैशाच्या ताणापायी बापलेकांत बिनसलंय. बिचारा प्रामाणिकपणे अर्थ लावतो आणि कथेत नसलेलं कारण कथेत घालतो. गोंधळलेला वाचक निदान थांबतो तरी. चुकीचं समजलेला वाचक खुशाल पुढे जातो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात कोशातली ‘समानार्थी’ म्हण येते. या म्हणीसमोर बऱ्याचदा सांगाडा आणि कपाट आणून ठेवतात: ‘एव्हरी फॅमिली हॅज अ स्केलेटन इन द कबर्ड.’ दोन्हीकडे ‘प्रत्येक घर’ आहे, म्हणून फसायला होतं. पण सांगाडा लपवलेला असतो. त्या म्हणीत लाजिरवाणं गुपित आहे, ते बाहेर येण्याची भीती आहे. चुलीत लपवण्यासारखं काही नाही, ती सगळ्यांच्या स्वयंपाकघरात उघड्यावर असते. सुमन स्वतःहून दुःख सांगते आहे आणि इंग्रजीतल्या काकू तिला सुचवतात, ‘तुमच्याकडेही काहीतरी दडवलेलं आहे म्हणायचं!’ दिलासा राहिला बाजूला, संशय आला. कोशाचा हा दोष नाही. कोश अर्थाशी अर्थ जुळवतो. वाक्यामागचा हेतू त्याला दिसत नाही, तो तुम्हालाच जुळवावा लागतो.

तिसऱ्या खर्ड्यात भीतीपोटी सगळंच घातलं जातं: ‘ॲज वुई से, एव्हरी हाउस हॅज इट्स मड स्टोव्ह, मीनिंग एव्हरी फॅमिली हॅज इट्स ट्रबल्स.’ यातलं ‘ॲज वुई से’ मला सगळ्यांत खटकतं. एक मराठी बाई दुसऱ्या मराठी बाईला ‘आमच्यात असं म्हणतात’ कशाला सांगेल? त्या तीन शब्दांनी काकूंनी सुमनकडे पाठ केली आणि त्या परदेशी पाहुण्याशी बोलू लागल्या. ‘ॲन ओल्ड मराठी सेइंग गोज’ म्हणा नाहीतर म्हण तिरप्या अक्षरांत टाकून खाली टीप द्या, फरक पडत नाही. संवादात टीप आली की पात्र गप्प होतं आणि भाषांतरकार बोलू लागतो.

आता चित्र झोपलंय हे मान्य करून लिहा: ‘इट्स द सेम इन एव्हरी हाउस.’ चूल गेली. हळहळ वाटते, मलाही वाटते. पण काकूंचा हेतू, त्यांचा सूर, वाक्याची लांबी आणि हात न थांबवता बोलणं, हे सगळं जागेवर आहे. याहून थोडं बरं करता येईल. मूळ म्हणीत ‘घरोघरी’ची जी द्विरुक्ती आहे तिला स्वतःचा एक ठेका आहे, एकामागून एक दारं उघडत जावीत तसा. इंग्रजीत तो असा पकडता येतो: ‘हाउस आफ्टर हाउस, इट्स द सेम.’ आणि ‘अगं’ची जवळीक अगदीच वाऱ्यावर सोडायची नसेल तर पुढे एक छोटा प्रश्न: ‘यू थिंक माइन इज एनी डिफरंट?’ हे वाक्य मुळात नाही. पण मूळ म्हणीत ‘माझंही तसंच’ हे न बोलता येतं, आणि इंग्रजी वाक्यात ते आपोआप येत नाही. म्हणून मी ते घालीन, आणि घातलं म्हणून कुणाची माफी मागणार नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो की असं केलं तर भाषांतर सपाट होतं, मराठीपण हरवतं. याची दुसरी बाजू बघा. म्हण ही मूळ भाषेत गुळगुळीत झालेली वस्तू असते. ती बोलणाऱ्याला काही कल्पकता लागत नाही, उलट विचार न करता बोलता यावं म्हणूनच ती वापरली जाते. तीच शब्दशः इंग्रजीत नेली की नवीकोरी प्रतिमा होते आणि शेंगा सोलणाऱ्या काकू एकदम कवयित्री होतात. दर चार वाक्यांनी चूल, डोंगर, घोडं, कुत्रं येऊ लागलं की सगळं गाव सुभाषितांत बोलणारं वाटतं. हेही खोटंच मराठीपण आहे, फक्त रंगीत.

आता चित्र जागं असतं तेव्हाची गोष्ट. ती मी स्वतः तोंडावर पडून शिकले.

एका कादंबरीच्या भाषांतरात हीच म्हण पहिल्या प्रकरणात आली आणि मी ती वर सांगितली तशी साध्या वाक्यात सोडवून मोकळी झाले. दीडशे पानांनंतर त्या घरातली धाकटी सून वैतागून म्हणते, ‘आमच्याकडे गॅस येऊन दहा वर्षं झाली, तरी धूर काही जात नाही.’ मराठी वाचक तिथे हसतो आणि जरा कळवळतो, कारण त्याला पहिल्या प्रकरणातली चूल आठवते. माझ्या इंग्रजीत चूल नव्हतीच. सुनेचं वाक्य स्वयंपाकघराच्या तक्रारीसारखं एकटंच लोंबकळत राहिलं. वाचून संपादकांनी समासात लिहिलं होतं, ‘इथे गॅसगळती झाली आहे का?’

मागे जाऊन पहिलं प्रकरण बदलावं लागलं. त्या म्हणीतलं चित्र पहिल्या पानावर झोपलेलं असलं तरी लेखिकेने पुढे त्याला उठवलं होतं, आणि जी वस्तू पुढे उठणार आहे ती आधी फेकून देता येत नाही. तेव्हापासून माझी सवय अशी, की म्हणीचा निर्णय करण्याआधी त्यातलं मुख्य नाम पूर्ण संहितेत शोधायचं. चूल, अंगण, डोंगर, जे असेल ते. संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे. विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं, म्हणून ‘चूल’ शोधलं तर ‘चुलीत’ सापडत नाही. ‘चुल’ असं ऱ्हस्व रूप वेगळं शोधा. आणि नुसतं नाम शोधून भागत नाही. त्या चित्राची नातलग मंडळीही बघा: धूर, राख, सरपण, फुंकणं. माझ्या सुनेच्या वाक्यात ‘चूल’ हा शब्द नव्हताच.

मग काय केलं? पहिला प्रयत्न होता ‘एव्हरी हाउस हॅज इट्स क्ले स्टोव्ह.’ यात चूल आली, पण गरिबीचा गैरसमज तिच्याबरोबर परत आला. शिवाय चूल असणं यात त्रास कुठला, हे इंग्रजी वाचकाला उमगायला काही कारण नाही. आपल्याला ‘मातीच्या’ या शब्दातून ‘सगळ्यांच्या सारख्याच’ हे ऐकू येतं. त्याला ऐकू येत नाही.

मग सुनेच्या वाक्यातूनच वाट सापडली. त्रास चुलीत नाही, धुरात आहे. धूर डोळ्यांत जातो हे कुणालाही, कुठेही सांगावं लागत नाही. म्हणून पहिल्या प्रकरणात केलं: ‘एव्हरी किचन हॅज इट्स स्मोक.’ चित्र त्याच घरातलं, त्याच कोपऱ्यातलं, फक्त हातभर सरकवलेलं. अर्थ चित्राच्या पोटातच आहे, त्यामुळे बाहेरून स्पष्टीकरण जोडावं लागत नाही. वाक्य आखूड आहे आणि एखादी बाई सहज बोलून जाईल असं आहे. मग सुनेचं वाक्य आपोआप बसलं: ‘टेन यिअर्स वुई हॅव हॅड गॅस, अँड स्टिल द स्मोक वोन्ट गो.’ समासातला प्रश्न परत आला नाही.

हा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, पण तो जपून वापरावा. तुम्ही इंग्रजीत एक नवी म्हण बनवता आहात. एका पुस्तकात अशा दोन-तीन पेलतात. त्याहून जास्त झाल्या की वर म्हटलं तसं सगळं गाव कवी होतं. आणि एकदा बनवली की पुस्तकभर तीच ठेवायची. मी प्रत्येक पुस्तकासाठी एक वही करते. त्यात म्हण, कोण कुणाला बोललं, पान, आणि मी काय केलं, एवढंच. तीच म्हण सासू एका प्रकरणात आणि नातू दुसऱ्या प्रकरणात बोलला, आणि माझ्या इंग्रजीत ती दोन वेगळी वाक्यं झाली, तर नातवाने आजीची नक्कल केली हे कुणालाच कळणार नाही.

काही म्हणींना यातलं काही लागत नाही, कारण त्यांचा अर्थ चित्रात उघडाच पडलेला असतो. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही शब्दशः नेली तरी जगातला कुठलाही वाचक हसतो. तिथे इंग्रजी पर्याय शोधत बसणं म्हणजे हातचं सोनं टाकणं. ‘वरातीमागून घोडं’सुद्धा थोडी वाकवली की चालते, ‘द हॉर्स टर्न्स अप आफ्टर द वेडिंग’ एवढं पुरतं. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ मध्ये मात्र सुंठ अडवते. सुंठ खोकल्यावरचं औषध आहे हे माहीत नसेल तर वाक्य कोड्यासारखं वाटतं. तिथे सुंठीच्या जागी नुसतं ‘औषध’ घातलं की काम होतं: ‘द कॉफ वेन्ट विदाउट द मेडिसिन.’ कसोटी सोपी आहे. चित्र समजायला एखादी बाहेरची माहिती लागते का? नाही लागली तर तसंच न्या. एकच लागत असेल तर ती वस्तू जरा सामान्य करा. दोन-तीन लागत असतील तर चित्र सोडा.

तयार इंग्रजी म्हण मी अजिबात वापरत नाही असं नाही. ‘आगीतून फुफाट्यात’ला ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन, इनटू द फायर’ जवळपास हुबेहूब बसतं, आणि निवेदनात ते घालायला माझी ना नाही. पण इंग्रजी म्हणीच्या अंगावर तिच्या गावाचा शिक्का आहे का हे आधी बघते. ‘रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे’ हे वाक्य गावाबाहेर न गेलेल्या आजीच्या तोंडी आलं की वाचक क्षणभर अडखळतोच, आजीला रोम कुठून भेटलं? निवेदक शहरी, शिकलेला असेल तर तेच वाक्य खपून जातं. बोलणारं कोण, यावर अर्धा निर्णय असतो.

अर्ध्यावर सोडलेली म्हण हा आणखी एक सापळा. ‘दुरून डोंगर…’ एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘साजरे!’ म्हणून पुरं करायचं, हे आपल्या संवादात नेहमी होतं. इथे नुसता अर्थ देऊन भागत नाही, कारण मजा दोघांना तेच ठाऊक असण्यात आहे. ‘द ग्रास इज ऑलवेज ग्रीनर’ लगेच सुचतं आणि वाचक ते मनात पुरंही करील, पण त्यात स्वतःच्या कुरणाशी तुलना आहे, दुसऱ्याबद्दलची असूया आहे. डोंगराच्या म्हणीत असूया नाही, जवळ गेल्यावरचा भ्रमनिरास आहे. ‘फारअवे हिल्स आर ग्रीन’ अशी म्हण इंग्रजीत आहे आणि ती आपल्या डोंगरांच्या किती जवळची आहे बघा. पण ती सगळीकडच्या वाचकांच्या ओठांवर नसते, म्हणून अर्धी सोडली तर लोंबकळते. मी दुसऱ्या पात्राकडून पुरं करून घेते: एक म्हणतो, ‘फ्रॉम फार ऑफ…’ आणि दुसरा म्हणतो, ‘एव्हरी हिल लुक्स प्रिटी. आय नो, आय नो.’ ‘आय नो’ दोनदा आलं की ही दोघांच्या ओळखीची गोष्ट आहे, हे टीप न देता कळतं.

वाक्प्रचारांबद्दल थोडक्यात. त्यांच्यातलं चित्र म्हणीपेक्षाही गाढ झोपलेलं असतं. ‘नाकी नऊ आले’ म्हणताना कुणी नाक मोजत नाही. त्यांना क्रियापदासारखं वागवायचं आणि चांगलं इंग्रजी क्रियापद द्यायचं, बस. धोका असतो तो दोन्ही भाषांत सारख्याच अवयवांवर उभ्या असलेल्या वाक्प्रचारांचा. ‘हात धुऊन मागे लागणे’ आणि ‘टु वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग’. हात तेच, पाणी तेच, अर्थ उलटे: एकात पिच्छा सोडत नाहीत, दुसऱ्यात अंग काढून घेतात. घाईत लिहिताना ‘वॉश्ड हिज हँड्स’ एवढं कागदावर उतरलं की डोळा पुढे सरकतो, कारण ते अस्सल इंग्रजी वाटतं. ‘पाठ दाखवणे’ आणि ‘टर्न वन्स बॅक’ ही तशीच जोडी. आपल्याकडे तो रणातून पळतो, त्यांच्याकडे तो माणसाला झिडकारतो. शरीराचा अवयव असलेल्या प्रत्येक वाक्प्रचारावर मी छापील खर्ड्यात पेन्सिलने खूण करते आणि शेवटच्या वाचनात फक्त तेवढेच पुन्हा तपासते.

चित्र मुळात कुठून आलं हे पाहायला मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आजही उपयोगी पडतो. मात्र त्यातलं इंग्रजी उचलून पात्राच्या तोंडी घालू नका. ते कोशाचं इंग्रजी आहे आणि दीडशेहून अधिक वर्षं जुनं आहे.

शेवटी तपासणी. मराठी न येणाऱ्या एखाद्या वाचकाला तो परिच्छेद द्या, त्यात म्हण आहे हे सांगू नका. वाचून झाल्यावर दोन गोष्टी विचारा: काकूंना सुमनबद्दल काय वाटतंय, आणि त्यांना हा विषय वाढवायचा आहे का? ‘कीव येतेय’ असं उत्तर आलं तर गरिबी शिरली आहे. ‘तिच्यावर संशय आहे’ आलं तर सांगाडा शिरला आहे. आणि ‘वा, काय सुंदर म्हण आहे!’ असं आलं तर हुरळून जाऊ नका. तुमच्या प्रसंगात तेही नापासच आहे, कारण वाचक काकूंकडे बघायच्या ऐवजी वाक्याकडे बघतो आहे. मला हवं असलेलं उत्तर एकदा असं आलं होतं: ‘तिला सुमनचं वाईट वाटतंय, पण तिला शेंगा संपवायच्या आहेत.’

तुमच्या कथेत चूल किंवा धूर पुढे कुठे येत नसेल, तर ‘हाउस आफ्टर हाउस, इट्स द सेम’ घ्या. येत असेल तर धुराकडून सुरुवात करून बघा.